उत्तर आलं नाही, पैसे मात्र गेले

वॉलेटमध्ये १००० रुपये आहेत. दुकानात २५० रुपयांचं पेमेंट करताना रेंज जाते. फोनला एवढंच कळतं, की उत्तर आलं नाही. मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, की पैसे कापले गेले आणि फक्त पोच वाटेत हरवली, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून ॲप तीच मागणी पुन्हा पाठवतं. मागणी कितीदाही गेली तरी पैसे एकदाच कापले जाणं, याला ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. त्यासाठी प्रत्येक पेमेंटला ॲप एक वेगळा क्रमांक, म्हणजे ‘की’ देतं. पुन्हा प्रयत्न करताना तीच की जाते आणि सर्व्हर तिच्यावरून जुना व्यवहार ओळखतो.

हे तपासताना फोन एअरप्लेन मोडवर टाकणं पुरत नाही. तेव्हा बहुधा मागणी निघतच नाही आणि चाचणी फुकट पास होते. खरा धोका पैसे कापल्यानंतर आणि उत्तर पोहोचण्याआधीच्या क्षणात असतो. म्हणून फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक प्रॉक्सी बसवतात. ती मागणी जाऊ देते आणि उत्तर गिळून टाकते. दुसऱ्या प्रयत्नाला तोच व्यवहार क्रमांक परत आला पाहिजे, शिल्लक ७५० असली पाहिजे आणि खतावणीत २५० ची एकच नोंद दिसली पाहिजे. स्क्रीनवरच्या ‘यशस्वी’ या शब्दावर विसंबू नये, खतावणी उघडून पाहावी.

मग सर्व्हरच मध्येच बंद पाडून पाहावा. की आधी नोंदवली आणि पैसे कापण्यापूर्वी सर्व्हर पडला, तर पुढच्या प्रयत्नाला ‘झालंय’ असं खोटं उत्तर मिळतं. क्रम उलटा असेल तर पैसे दोनदा जातात. दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात झाल्या, तरच हे टळतं.

रिफंड जास्त अवघड आहे, कारण तो तुकड्यांत होऊ शकतो. या २५० मधले १०० परत केले. उत्तर हरवलं आणि त्याच कीने मागणी पुन्हा आली, तर शिल्लक ८५० वरच राहिली पाहिजे. आणखी एक वस्तू परत आली, तर नव्या कीने पुढचे १०० मिळालेच पाहिजेत. मूळ पेमेंटचा क्रमांकच की म्हणून वापरला असेल, तर हा रास्त रिफंड अडतो. तिसऱ्यांदा १०० मागितले, तर की नवी असूनही नकार हवा, कारण एकूण ३०० होतात. इथे की कामाला येत नाही. बेरजेची मर्यादा वेगळी तपासावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पैसे कापले जाऊनही समोरच्याच्या वॉलेटमध्ये जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत करावे लागतात. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यामुळे रिफंड आपोआप सुटतो. नेमकं तेव्हाच अडकलेलं पेमेंट पलीकडे यशस्वी झालं तर? चाचणीत हे दोन्ही संदेश एकाच वेळी सोडावेत, मग क्रम उलटून पाहावा. दोन्ही वेळा पैसे एकाच बाजूला असले पाहिजेत.