व्याज उचलीवर की लिमिटवर?

ओव्हरड्राफ्टचा करार साधा आहे. बँक पाच लाखांची मर्यादा ठरवून देते, तुम्ही त्यातले हवे तेवढे, हव्या त्या दिवशी उचलता आणि जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरलीत तेवढ्यावरच व्याज भरता. न वापरलेले पैसे बँकेच्याच तिजोरीत असतात, त्यांवर व्याज नाही. तरीही महिनाअखेरीस खात्यावर पडलेला व्याजाचा आकडा बहुतेक खातेदार मुकाट्याने मान्य करतात. तो तपासायला फार तर अर्धा तास आणि मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर पुरतं.

एका कृषी सेवा केंद्राचं जून महिन्याचं खातं घेऊ. दुकान आणि आकडे काल्पनिक आहेत, पण जूनमध्ये खत-बियाणं विकणाऱ्याच्या खात्यात अशीच चढउतार होते. मर्यादा पाच लाख, व्याजदर वर्षाला 10.95 टक्के. हा दर हिशोबाच्या सोयीसाठी मुद्दाम निवडला आहे. 365 ने भागला की दिवसाला 0.03 टक्के येतो, म्हणजे एक लाख एक दिवस वापरले तर तीस रुपये.

1 जूनला खात्यावर 1,20,000 रुपये नावे आहेत, म्हणजे एवढी उचल आधीची आहे. 6 तारखेला खत कंपनीला 1,80,000 दिले आणि उचल तीन लाखांवर गेली. 16 तारखेला विक्रीचे अडीच लाख भरले, उरले पन्नास हजार नावे. 21 ला आणखी 80,000 भरले, तेव्हा खातं उलट तीस हजारांनी जमेत आलं. 26 ला पुन्हा 1,30,000 दिले आणि महिना संपला तेव्हा एक लाख नावे होते.

आता वहीत दोन रकाने पाडायचे. एकात दिवसअखेरची नावे शिल्लक, दुसऱ्यात ती किती दिवस टिकली ते. 1,20,000 पाच दिवस, तीन लाख दहा दिवस, पन्नास हजार पाच दिवस, पुढचे पाच दिवस शून्य आणि शेवटचे पाच दिवस एक लाख. प्रत्येक ओळीचा गुणाकार करा: सहा लाख, तीस लाख, अडीच लाख, शून्य, पाच लाख. बेरीज 43,50,000. बँकेतले लोक याला ‘प्रॉडक्ट’ म्हणतात आणि या पद्धतीला डेली प्रॉडक्ट. या बेरजेचे 0.03 टक्के म्हणजे 1,305 रुपये. हेच जूनचं व्याज.

शून्याच्या ओळीकडे जरा लक्ष द्या. खातं जमेत असतं त्या दिवसांचं व्याज शून्य धरायचं, वजा नाही. जमेतले तीस हजार तुमच्या व्याजातून काही कमी करत नाहीत आणि चालू खात्याच्या धर्तीवरच्या ओव्हरड्राफ्टमध्ये त्यांवर साधारणपणे काही मिळतही नाही. दुसरी गोष्ट, मोजली जाते ती दिवसअखेरची शिल्लक. सकाळी दोन लाख काढून संध्याकाळी बँकेचा दिवस बंद होण्याआधी परत भरले, तर हिशोबात ते आलेच नाहीत.

स्टेटमेंटवर व्याजाची नोंद `Int.Coll` किंवा तशाच त्रोटक शब्दांत असते. तिथे 1,305 च्या जवळचा आकडा असेल तर प्रश्न मिटला. आकडा 4,500 असेल तर? पाच लाखांचं तीस दिवसांचं व्याज नेमकं तेवढंच होतं, म्हणजे बँकेने पूर्ण लिमिटवर आकारणी केली आहे. आणि 2,700 दिसले तर महिन्यातली सर्वांत मोठी उचल, तीन लाख, सगळा महिना धरली आहे. चुकीचा आकडाही असा आपण कुठून आलो ते सांगून जातो.

एवढी वही लिहायचा कंटाळा असेल तर उलट्या बाजूने या. व्याजाला महिन्याच्या दिवसांनी भागा, मग दिवसाच्या दराने भागा. 1,305 भागिले 30, भागिले 0.0003, उत्तर 1,45,000. ही त्या महिन्याची सरासरी उचल. आपण साधारण एवढे वापरत होतो का, हे दुकानदाराला स्टेटमेंट न बघताही सांगता येतं. उत्तर थेट पाच लाखांवर गेलं तर मात्र वही उघडायलाच हवी.

पन्नास-शंभर रुपयांचा फरक आला तर लगेच भांडायला जाऊ नका. बहुधा तो तारखेचा असतो. 16 तारखेला भरलेले अडीच लाख चेकने असतील आणि चेक 17 ला वटला असेल, तर एक दिवस जास्त तीन लाखांवर मोजला जाईल. अडीच लाखांचं एका दिवसाचं व्याज 75 रुपये, म्हणून आकडा 1,380 होईल आणि तो बरोबरच असेल. स्टेटमेंटमध्ये नोंदीची तारीख आणि ‘व्हॅल्यू डेट’ असे दोन रकाने असतील तर हिशोब दुसऱ्या तारखेने करायचा. महिन्याच्या मध्ये दर बदलला असेल तर त्या दिवशी ओळ तोडून दोन दरांनी वेगळी मोजायची.

गोंधळ होण्याचं आणखी एक ठिकाण म्हणजे ‘उपलब्ध शिल्लक’. 30 जूनला मोबाइलवर चार लाख दिसतील. ती न वापरलेली मर्यादा आहे, तुमची जमा नव्हे आणि उचलही नव्हे. हिशोबाला घ्यायची ती नावे शिल्लक, जिच्यापुढे `Dr` असतं किंवा आधी वजाचं चिन्ह.

कधी कधी पूर्ण मर्यादेवरचं व्याज न्याय्यही असतं. मंजुरी मिळाल्याबरोबर खातेदार सगळे पाच लाख आपल्याच बचत खात्यात वळवून ठेवतो. त्याच्या मते पैसे अजून खर्च झालेले नाहीत, पण बँकेच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून पाच लाखांची उचल झाली. तसंच कर्ज देणाऱ्याने ‘ओव्हरड्राफ्ट’ म्हणून जे विकलं ते कागदोपत्री मुदत कर्ज निघालं, तर गणितच वेगळं. हे मंजुरीपत्रात कळतं. न वापरलेल्या मर्यादेवर काही बँका कमिटमेंट चार्ज घेतात, त्याचाही उल्लेख तिथेच हवा. हा आकार वेगळ्या ओळीत येतो आणि त्यावर जीएसटी लागतो, कर्जावरच्या व्याजावर लागत नाही. त्यामुळे एखाद्या रकमेखाली 18 टक्के जीएसटीची ओळ दिसली, तर ती रक्कम व्याज नसून शुल्क आहे असं समजायचं.

रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात कर्जदात्यांच्या अशाच काही सवयींवर बोट ठेवलं: पैसे प्रत्यक्ष देण्याऐवजी मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावणं, महिन्याच्या मध्ये दिलेल्या कर्जाला पूर्ण महिना मोजणं. असं जादा घेतलेलं व्याज ग्राहकांना परत करायला तिने सांगितलं.

फरक मोठा आणि खुलासा नसलेला असेल तर शाखेला लेखी पत्र द्या आणि वहीतला तक्ता जोडा. ‘व्याज जास्त वाटतं’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘43,50,000 च्या प्रॉडक्टवर 1,305 होतात, आपण 4,500 लावले, आपला तक्ता द्यावा’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. वाढीव व्याज खात्यावर राहिलं की पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज चढतं, म्हणून परतावा मागताना त्याचाही उल्लेख करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, माहितीचा क्रमांक 14448. खातं पतसंस्थेत असेल तर मात्र हा रस्ता नाही, तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.