थरथर ऐकू आली की थांबायचं

क्वाडकॉप्टर हवेत एका जागी थांबलेला दिसतो, पण त्याच्या चारही मोटरी तेव्हा सतत वेग कमी-जास्त करत असतात. अर्डूपायलट या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा ड्रोन सेकंदाला साधारण ४०० वेळा जायरोचं मोजमाप वाचतो आणि दर वेळी कुठल्या मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवतो. हा हिशेब पी, आय आणि डी या तीन आकड्यांवर चालतो. घरी जुळवलेले ड्रोन बरेचदा याच आकड्यांशी खेळताना आपटतात. माझ्या मते यातली निम्मी आपटाआपटी आकडा चुकल्यामुळे होत नाही. जमिनीवर बसून अंदाजाने आकडा बदलायचा आणि एकदम उडवून बघायचं, ही पद्धतच ड्रोनच्या मुळावर येते.

आधी आतली रचना बघू. ड्रोन सरळ राहतो तो एकात एक बसवलेल्या दोन हिशेबांमुळे. बाहेरचा हिशेब कोनाचा असतो. ड्रोन १० अंश कलला असेल, तर परत येताना त्याने किती वेगाने वळावं हे तो ठरवतो. अर्डूपायलटमध्ये इथला मूळ गुणक ४.५ आहे, म्हणजे १० अंशांच्या फरकाला साधारण सेकंदाला ४५ अंश वेगाची मागणी होते. आतला हिशेब त्या वेगाचा. मागणी ४५ची आणि जायरो सांगतोय ३०, तर उरलेल्या १५ अंशांसाठी मोटरींना किती ढकलायचं, हे तीन आकडे मिळून ठरवतात. पी आत्ताच्या फरकाच्या प्रमाणात जोर लावतो. एका बाजूला कॅमेरा लटकवला की फरक थोडाथोडा उरतच राहतो. तो साठवत जाऊन भरून काढणं हे आयचं काम. डी बघतो तो फरक किती वेगाने बदलतोय ते, आणि ड्रोन हव्या वेगाच्या पुढे निसटू नये म्हणून ब्रेक लावतो. आतला हिशेब बसल्याशिवाय बाहेरच्या ४.५ला हात लावू नये.

गुणकांकडे वळण्याआधी एक तपासणी टळत नाही. प्रोपेलर काढून ठेवा, मोटरी हळू फिरू द्या आणि ड्रोन हातात धरून उजवीकडे कलवा. उजव्या मोटरींचा आवाज चढला पाहिजे. डाव्या चढल्या तर मोटरींचा क्रम किंवा बोर्डाची दिशा चुकलेली आहे. अशा वेळी नियंत्रक चूक सुधारायच्या ऐवजी वाढवतो आणि ड्रोन उडता क्षणी उलटतो. कुठलाही गुणक त्याला वाचवू शकत नाही. मात्र या अवस्थेत गुणक योग्य आहेत की नाहीत हे ठरवायला जाऊ नका. प्रोपेलर नसल्यामुळे चूक भरून निघत नाही, आयचा साठा वाढत जातो आणि मोटरी आपोआप वेडीवाकडी गती पकडतात.

आता १० इंची प्रोपेलरचा, मध्यम आकाराचा ड्रोन घेऊ. अर्डूपायलटमधले रोलचे मूळ आकडे असे आहेत: ATC_RAT_RLL_P ०.१३५, I तेवढाच आणि D ०.००३६. या आकाराच्या ड्रोनला ते बहुधा उचलतात. ड्रोन छोटा आणि चपळ असेल, तर जमीन सोडतानाच तो थरथरू शकतो. तसं दिसलं तर लगेच उतरवून तिन्ही आकडे निम्मे करावेत. मंद ड्रोन आळसावल्यासारखा उडतो, पण उडतो. अति तीव्र ड्रोन सांभाळायला हातात वेळच राहत नाही.

खरी सोय आहे ती रिमोटवरच्या फिरत्या बटणाची. TUNE या सेटिंगमध्ये २१ लिहिलं, की त्यासाठी नेमलेलं बटण रोल आणि पिचचा डी हवेतच बदलतं. ४ लिहिलं की पी. TUNE_MIN आणि TUNE_MAX मध्ये दोन्ही टोकं बांधून ठेवायची, म्हणजे बटण कितीही फिरवलं तरी आकडा त्यांच्या बाहेर जात नाही. उड्डाणापूर्वी बटण खालच्या टोकाला आहे ना, ते बघून घ्या. वारा नसलेल्या सकाळी मोकळ्या गवताळ मैदानावर, उंची राखणाऱ्या मोडमध्ये, ड्रोन दोन-तीन माणसं उंच न्या. जमिनीला लागून उडवणं सुरक्षित वाटतं, पण प्रोपेलरची हवा जमिनीवर आपटून परत येते आणि खऱ्या थरथरीत मिसळते. शिवाय तिथे सावरायला जागाच नसते.

सुरुवात डीपासून, कारण ब्रेक नीट लागला तरच पी वाढवता येतो. आकडा दर वेळी दीडपट करायचा आणि प्रत्येक पायरीवर काठी थोडी झटकून सोडायची. ०.००३६वरून ०.००५४वर काहीच झालं नाही, पण ०.००८१वर मोटरींच्या आवाजात बारीक, वेगवान गुणगुण आली, असं धरू. डोळ्यांना ड्रोन अजून स्थिरच दिसत असेल, पण कानाला कळलेलं असतं. बटण हळूच मागे न्या. थ्रॉटल खाडकन बंद करू नका. ड्रोन अजून उडत असतो आणि मोटरींचा जोर गेला की त्याचा तोलही जातो. दहा-दहा टक्क्यांनी उतरत ०.००७३ आणि मग ०.००६६. इथे गुणगुण थांबली, तर यातूनही चौथा भाग वजा करून ०.००४९ ठेवायचा.

पीचंही तसंच. ०.१३५, ०.२०, मग ०.३०वर ड्रोन डोळ्यांना दिसेल असा डुलू लागला. ०.२७, ०.२४५वर शांत झाला, तर चौथा भाग कमी करून ०.१८. आय पीइतकाच, म्हणजे ०.१८. जमिनीवर आल्यावर हे आकडे स्वतः लिहून TUNE परत शून्य करावं लागतं. बटणाने आलेला आकडा आपोआप साठवला जात नाही.

शांत झालेल्या आकड्यातून आणखी चौथा भाग सोडायचं कारण प्रोपेलरमध्ये आहे. त्याचा उचलजोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे थांबून उडताना जेवढ्या बदलाने ड्रोन थोडा सरकतो, तेवढ्याच बदलाने पूर्ण थ्रॉटलवर तो जास्त सरकू शकतो. सॉफ्टवेअर हा वक्रपणा बराच सरळ करतं, पण पूर्ण नाही. हवेत शांत असलेला ड्रोन झपाट्याने वर चढताना थरथरतो तो यामुळेच. म्हणून शेवटी एक जोरदार चढाई करून बघायलाच हवी, तीही बोट बटणावर ठेवून.

थरथरीचा प्रकारही बरंच सांगतो. बारीक गुणगुण आणि उतरल्यावर हाताला चटका देणाऱ्या मोटरी, म्हणजे डी जास्त आहे किंवा चौकटीची कंपनं जायरोपर्यंत पोचताहेत. प्रोपेलर असंतुलित असेल तर आधी तो बदला. डी त्या कंपनांनाच फुगवतो. सेकंदाला एखाद-दोन हेलकावे संथपणे येत असतील, तर पी कमी पडतोय किंवा आय त्याच्या मानाने जास्त आहे. सरळ खाली उतरताना येणारी धडधड मात्र प्रोपेलरच्या स्वतःच्या ढवळलेल्या हवेची असते. ती घालवायला गुणक वाढवत बसलं, तर उरलेली मोकळीक संपते. तिरकं पुढे जात उतरावं.

उतरल्यावर मेमरी कार्डमधली नोंद उघडा. RATE या नोंदीत RDes हा मागितलेला वेग आणि R हा मिळालेला वेग एकावर एक काढले, की रेष मागे रेंगाळते आहे की पुढे निसटून परत येते आहे, ते दिसतं. हाताने इतकं बसलं, की पुढची बारीक जुळवणी अर्डूपायलटच्या ऑटोट्यून मोडकडे सोपवता येते. तो ड्रोनला स्वतःच छोटे झटके देऊन आकडे शोधतो, पण नीट उडणाऱ्या ड्रोनवरच आणि शांत हवेतच. प्रोपेलरचा आकार, बॅटरी किंवा कॅमेऱ्याचं वजन बदललं, तर आधी पी आणि डी खाली आणून परत बटणाकडे यावं लागतं.