लॉयल्टी पॉइंट खातेवही

लॉयल्टी पॉइंट खातेवही ही विक्रेत्याने ग्राहकाला दिलेल्या बक्षीस पॉइंटांच्या जमाखर्चाची क्रमवार नोंदवही होय. पैसे भरलेल्या खरेदीवर मिळालेले पॉइंट, पुढील बिल चुकते करताना वापरलेले पॉइंट, मुदत संपून बाद झालेले पॉइंट आणि माल परत आल्यावर कराव्या लागणाऱ्या उलट नोंदी असे चार प्रकारचे व्यवहार तीत लिहिले जातात.

स्वरूप

ग्राहकाला दिसणारी शिल्लक ही खातेवहीतील सर्व नोंदींची बेरीज असते. एकदा केलेली नोंद खोडली वा बदलली जात नाही. चूक झाल्यास तिच्या विरुद्ध नवी नोंद करतात. प्रत्येक खरेदीवर मिळालेल्या पॉइंटांची वेगळी तुकडी मानली जाते, कारण प्रत्येक तुकडीची मुदत वेगळी असते. केवळ एकूण शिल्लक जपल्यास त्यातील कोणते पॉइंट केव्हा बाद व्हायचे, हे सांगता येत नाही.

न वापरलेले पॉइंट हे विक्रेत्यावरील दायित्व असते. भारतीय लेखामानक ११५ (इंड एएस ११५) नुसार, पॉइंटांमुळे ग्राहकाला महत्त्वाचा हक्क मिळत असेल, तर विक्रीच्या रकमेपैकी त्या हक्काच्या वाट्याची रक्कम लगेच उत्पन्नात धरता येत नाही. पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत ती पुढे ओढली जाते.

जमा आणि वापर

पॉइंट सामान्यतः रोख अथवा कार्डाने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर दिले जातात. पॉइंटांनी चुकवलेल्या भागावर पुन्हा पॉइंट मिळत नाहीत. वापराच्या वेळी ज्या तुकडीची मुदत आधी संपते, तिच्यातील पॉइंट प्रथम खर्ची टाकण्याची पद्धत ग्राहकाच्या हिताची आहे.

समजा, एका दुकानाचा नियम १०० रुपयांस २ पॉइंट, १ पॉइंट म्हणजे १ रुपया आणि मुदत १२ महिने असा आहे. ग्राहकाने १० जानेवारी २०२४ रोजी ५,००० रुपयांची आणि १५ जून रोजी १०,००० रुपयांची खरेदी केली. त्याच्या खात्यात अनुक्रमे १०० आणि २०० पॉइंट जमा झाले. २० डिसेंबर रोजी त्याने १,६०० आणि ८०० रुपयांच्या दोन वस्तू घेतल्या. २,४०० रुपयांच्या या बिलापैकी १५० रुपये पॉइंटांनी व २,२५० रुपये कार्डाने चुकवले. जानेवारीच्या तुकडीतील सर्व १०० आणि जूनच्या तुकडीतील ५० पॉइंट खर्ची पडले, तर २,२५० रुपयांवर नवे ४५ मिळाले. शिल्लक १९५ झाली.

माल परत आल्यास

१५ जानेवारी २०२५ रोजी ग्राहकाने ८०० रुपयांची वस्तू परत केली. ती बिलाच्या एकतृतीयांश असल्याने ७५० रुपये कार्डावर व ५० पॉइंट खात्यात परत जातात, आणि तिच्यावर मिळालेले १५ पॉइंट वजा होतात. परत द्यायचे ५० पॉइंट कोणत्या तुकडीत घालावेत, हा येथील कळीचा प्रश्न असतो. वापराच्या उलट क्रमाने गेल्यास ते जूनच्या तुकडीत जातात आणि शाबूत राहतात. शिल्लक २३० होते. दोन्ही तुकड्यांत प्रमाणशीर वाटल्यास सुमारे ३३ पॉइंट जानेवारीच्या तुकडीत जातील. तिची मुदत ९ जानेवारीला संपलेली असल्याने ते तत्क्षणी बाद ठरतील.

संपूर्ण खरेदी परत केली असता हा प्रश्न टळत नाही. जानेवारीचे १०० पॉइंट मूळ मुदतीनेच परत दिले, तर ग्राहकाच्या हाती ना वस्तू राहते ना पॉइंट. म्हणून काही योजनांत अशा पॉइंटांना थोडी वाढीव मुदत दिली जाते. कोणताही मार्ग स्वीकारला तरी तो नियमावलीत आधी लिहिलेला असावा लागतो.

परत आलेल्या वस्तूवरील पॉइंट ग्राहकाने आधीच वापरले असतील, तर वजावटीनंतर शिल्लक ऋण होऊ शकते. ते टाळण्यासाठी अनेक विक्रेते माल परत करण्याची मुदत उलटेपर्यंत पॉइंट ‘प्रलंबित’ ठेवतात.

त्रुटी आणि ताळा

पैसे भरल्याचा एकच संदेश संगणकाकडे दोनदा आल्यास पॉइंट दुप्पट जमा होतात. यासाठी प्रत्येक जमा नोंद खरेदी क्रमांकाशी बांधून त्याच क्रमांकाची दुसरी जमा नाकारली जाते. मुदतीचा हिशोब जागतिक प्रमाणवेळेनुसार केल्यास भारतातील ग्राहकाचे पॉइंट मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बाद होतात. सर्व तुकड्यांतील उरलेले पॉइंट आणि सर्व नोंदींची बेरीज नियमितपणे ताडून पाहतात. या दोन संख्यांत फरक आढळल्यास एखादी नोंद गळली आहे, असे समजते. बरोबर बेरजेनेही पुष्कळदा दुहेरी जमा लपते, म्हणून खरेदी क्रमांकांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.