दोन फाशांची बेरीज

दोन फासे टाकले की बेरीज २ ते १२ यांपैकी काहीही येऊ शकते. पण या अकरा बेरजा सारख्याच वेळा येत नाहीत. एक फासा लाल आणि एक पांढरा धरला, तर लाल फाशाच्या प्रत्येक आकड्याबरोबर पांढऱ्याचे सहा आकडे येऊ शकतात. म्हणजे एकूण ३६ जोड्या होतात आणि त्या सगळ्यांची शक्यता समान असते. २ ही बेरीज फक्त १-१ या एकाच जोडीने मिळते. ३ मात्र १-२ आणि २-१ अशा दोन जोड्यांनी मिळते. अशी एकेक जोडी वाढत ७ ला सहा जोड्या होतात. त्यानंतर ८ ला पाच, ९ ला चार असे करत १२ ला पुन्हा एकच जोडी उरते. म्हणून ७ सरासरीने दर सहा दानांत एकदा पडतो, तर १२ छत्तीस दानांत एकदा.

१९९५ साली जर्मनीत आलेला क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटन’ हा खेळ याच गणितावर उभा आहे. पटावर षटकोनी जमिनी असतात आणि वाळवंट सोडून प्रत्येक जमिनीवर ७ वगळता २ ते १२ मधला एक आकडा असतो. तो आकडा पडला की त्या जमिनीच्या कोपऱ्यावर वसाहत असलेल्या खेळाडूला गहू, विटा किंवा लाकडासारखे एक पत्ते मिळते. आकड्याखाली ठिपके छापलेले असतात. ते त्या बेरजेच्या जोड्या दाखवतात. पाच-पाच ठिपक्यांचे ६ आणि ८ लाल रंगात असतात.

एका कोपऱ्यात तीन जमिनी मिळत असतील तर त्यांचे ठिपके मिळवून पाहावेत. समजा, एका कोपऱ्यावर ८, ३ आणि ११ आहेत, तर दुसऱ्यावर ५, ९ आणि १०. नवखा खेळाडू लाल ८ पाहून पहिला कोपरा घेतो. पण तिथे ५, २ आणि २ मिळून ९ ठिपके होतात, तर दुसरीकडे ४, ४ आणि ३ मिळून ११. छत्तीस दानांत दुसरा कोपरा सरासरी दोन पत्ती जास्त देतो. पुढची वसाहत वेगळ्या आकड्यांवर घेतली, तर रिकामी जाणारी दाने कमी होतात.

७ पडला की कोणालाच पत्ते मिळत नाही आणि सातपेक्षा जास्त पत्ती असणाऱ्याला निम्मी टाकावी लागतात. चौघांच्या खेळात आपली पाळी संपल्यापासून पुढच्या पाळीच्या दानापर्यंत चार दाने पडतात. त्यांत एकदा तरी ७ येण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के असते. त्यामुळे हातात आठ पत्ती झाली की काहीतरी बांधून टाकणे शहाणपणाचे ठरते.

हे सारे सरासरीचे गणित आहे. सलग दहा दानांत ८ एकदाही न येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. तो बराच वेळ आला नाही म्हणून पुढच्या दानात येण्याची शक्यता वाढत नाही. ती दर वेळी छत्तीसात पाचच राहते.