मसुदा यंत्राचा, सही अनुवादकाची

व्यावसायिक अनुवादकाच्या संगणकावर दोन वेगळ्या प्रकारची साधने असतात आणि ग्राहकाशी बोलताना त्यांची बऱ्याचदा गल्लत होते. पहिले साधन म्हणजे अनुवाद-स्मृती. पूर्वी माणसाने केलेली वाक्ये त्यात साठवलेली असतात. नवे वाक्य जुन्याशी जुळले, की साधन जुना अनुवाद समोर ठेवते आणि जुळणीची टक्केवारीही सांगते. दुसरे साधन यंत्रानुवादाचे. ते कोणाचे जुने वाक्य आणत नाही, स्वतः नवे रचते. ‘साधने वापरता का?’ या ग्राहकाच्या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हटले, तर यातले कोणते, हे त्याला कळत नाही.

यंत्राकडे किती काम सोपवायचे, हे ठरवताना त्याच्या चुकांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. २०१६च्या सुमारास न्यूरल पद्धत रुळू लागली, त्याआधीचा यंत्रानुवाद तुटक असे. वाक्य मोडलेले दिसे आणि डोळा आपोआप तिथे थांबे. आताचा यंत्रानुवाद ओघवता असतो. चूक असली तरी वाक्य गुळगुळीत येते, म्हणून तपासणारा ते वाचून पुढे जातो.

आरोग्य विम्याच्या माहितीपुस्तिकेचे उदाहरण घेऊ. समजा, ५,००० शब्दांची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत न्यायची आहे. तीत तीन थरांचा मजकूर आहे: लाभांचे तक्ते, अटी व अपवाद आणि ग्राहकाला उद्देशून लिहिलेले पत्र. तिन्हींसाठी एकच धोरण लावले, तर कुठेतरी फसगत ठरलेली.

तक्त्यांमध्ये तीच ती वाक्ये पुन्हा येतात. आकडे आणि ठरलेल्या संज्ञा सोडल्या, तर फारसे काही नसते. तिथे अनुवाद-स्मृती आणि यंत्र दोन्ही बिनधास्त वापरता येतात, मात्र संज्ञांची यादी आधी पक्की हवी. ती नसेल तर यंत्र ‘पॉलिसी’चे एका ओळीत ‘धोरण’ करते आणि पुढच्या ओळीत ‘पॉलिसी’च ठेवते. ‘फ्री लूक पीरियड’ म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करण्याची मुदत. त्याचे ‘विनामूल्य पाहण्याचा कालावधी’ झाले, तर वाचकाला आपल्या हक्काचा पत्ताही लागत नाही. ही चूक निदान विचित्र दिसते, त्यामुळे सापडते तरी.

अटी आणि अपवाद यांचे दुखणे निराळे आहे. ‘विमाधारक किमान २४ तास रुग्णालयात दाखल असल्याशिवाय कोणताही दावा देय राहणार नाही’ हे वाक्य पाहा. त्यात ‘असल्याशिवाय’च्या जागी ‘असल्यास’ पडले, तरी वाक्य व्याकरणशुद्ध राहते आणि अर्थ नेमका उलटा होतो. दुहेरी नकार, ‘यांपैकी जे आधी घडेल ते’ अशा शर्ती, अपवादाचा अपवाद, या जागा यंत्र हमखास चुकवते असे नाही. ते कधी चुकेल याचा अंदाज येत नाही, ही खरी अडचण. इथे यंत्राचा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण तपासणीचा क्रम उलटा हवा. आधी मूळ वाक्य वाचून त्याचा अर्थ मनाशी पक्का करायचा आणि मगच मसुद्याकडे पाहायचे. आधी मसुदा वाचला, की डोळा मुळातही तोच अर्थ शोधू लागतो. नकार, आकडे, मुदती आणि ‘किंवा-आणि’ यांसाठी एक स्वतंत्र फेरी काढावी. तेवढ्या फेरीत भाषेला हात लावू नये.

पत्र मात्र यंत्राकडे न दिलेले बरे. इंग्रजीतल्या एका ‘वुई’ला मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत. ऐकणाऱ्याला त्यात धरायचे की नाही, हे इंग्रजी वाक्यातून कळत नाही. ‘आपण मिळून हा खर्च उचलू’ आणि ‘आम्ही हा खर्च उचलू’ यांत कंपनीच्या खिशाचा प्रश्न आहे! वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘आपण’, हेही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच राहावे लागते.

पत्राच्या बाबतीत अस्सलपणाचाही मुद्दा येतो. अंतोनियो तोराल यांच्या २०१९मधल्या अभ्यासात माणसाने मुळापासून केलेले अनुवाद आणि यंत्राच्या मसुद्यावर हात फिरवून केलेले अनुवाद यांची तुलना होती. दुसऱ्या प्रकारात शब्दसंपदा कमी वैविध्याची आणि मूळ भाषेची छाया अधिक आढळली. कारण उघड आहे. समोर वाक्य तयार असले, की दुरुस्ती शब्दांची होते, रचना तशीच राहते. मराठीत ही छाया ‘च्या द्वारे’, ‘केले जाते’ आणि लांबलचक ‘जो-तो’च्या वाक्यांत दिसते. एकेक वाक्य सुटे पाहिले तर त्यात खोट काढता येत नाही, पण पानभर वाचले की परके वाटते. यावर उपाय एकच: असा मजकूर मूळ वाचून आधी स्वतः लिहायचा. यंत्राचा पर्याय पाहायचाच असेल, तर नंतर.

नेमकी हद्द अंदाजाने ठरवण्यापेक्षा चाचणीने ठरवणे सोपे. प्रत्येक थरातून २५० शब्दांचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक मुळापासून करावा, दुसरा यंत्राच्या मसुद्यावरून, आणि दोन्हींना लागलेला वेळ लिहून ठेवावा. मसुद्यातली निम्म्याहून अधिक वाक्ये नव्याने रचावी लागत असतील, तर वेळ वाचल्याचा भासच असतो. तपासणीचा वेळ धरूनच बेरीज करावी.

ग्राहकाचा विश्वास बहुधा दोन ठिकाणी तुटतो. पहिले ठिकाण गोपनीयतेचे. २०१७मध्ये नॉर्वेच्या एनआरके या प्रसारणसंस्थेने दाखवून दिले, की एका मोफत ऑनलाइन अनुवाद सेवेत टाकलेले मजकूर शोधयंत्रावर सापडत होते. त्यांत स्टॅटऑइल या तेलकंपनीशी संबंधित कागदपत्रे होती. टाकणाऱ्याला आपण काही प्रसिद्ध करतो आहोत, याची कल्पनाही नसावी. म्हणून गोपनीयतेचा करार असलेला मजकूर मोफत सेवेत टाकू नये. सशुल्क सेवेच्याही अटींत मजकूर साठवला जातो का आणि यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, ही दोन कलमे आधी वाचावीत. रुग्णाचे नाव किंवा पॉलिसी क्रमांक असेल, तर तो काढून मगच मसुदा करवावा.

दुसरे ठिकाण दराचे. अनुवादसेवेच्या आयएसओ १७१०० या २०१५च्या मानकात यंत्राचा मसुदा दुरुस्त करण्याचे काम धरलेलेच नाही. त्यासाठी आयएसओ १८५८७ हे वेगळे मानक २०१७मध्ये आले. म्हणजे व्यवसायाच्या लेखी ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचा दर लावून दुसरे काम दिले, तर अनुवाद उत्तम असला तरी ती फसवणूकच. कामाच्या पत्रात थरवार लिहिणे सोयीचे पडते: ‘तक्त्यांसाठी यंत्राचा मसुदा वापरून संपूर्ण दुरुस्ती, अटींसाठी यंत्राचा मसुदा, मुळाशी ओळीओळीने पडताळणी आणि दुसऱ्या अनुवादकाकडून तपासणी, पत्र मुळापासून.’ प्रत्येकापुढे त्याचा दर. ग्राहकाला एखाद्या थरात यंत्र नको असेल, तर त्याला ते काम सुरू होण्याआधी सांगता येते आणि दरही त्याप्रमाणे बदलतो.