तोरणाचा झोळ आणि सव्वीस खुर्च्या

धाकट्या बहिणीच्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली तेव्हा गुरुजी, आचारी, आहेराच्या साड्या या सगळ्याच्या याद्या झाल्या होत्या. दाराचं माप मात्र कोणीच घेतलं नव्हतं. ठाण्यात घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. वाड्याला असतं तसं अंगण, ओटी, पडवी यातलं काहीच नाही. लिफ्टमधून बाहेर पडलं की सहा पावलांवर दार, आणि पाहुण्यांना सजावट म्हणून जे काही दिसणार ते एवढंच. म्हणून मी आदल्या आठवड्यात टेप घेऊन गेले.

चौकट बाहेरून चार फूट रुंद आणि सात फूट उंच निघाली. बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर. हल्ली बहुतेक फ्लॅटना तो असतो आणि तो बाहेरच्या बाजूला उघडतो. तोरण थेट चौकटीवर बांधलं, तर तो उघडताना पहिला फटका फुलांनाच बसतो. आम्ही भिंतीवर, चौकटीच्या वर आठ इंचांवर, एकमेकांपासून पाच फुटांवर दोन हुक घ्यायचं ठरवलं. चिकटवायचे हुक आणलेही होते, पण नव्या घराचा रंग ताजा असतो. पासेजच्या कोपऱ्यात एक लावून पाहिला, तर अर्ध्या तासात तो रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली आला. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ड्रिलने दोन भोकं पाडली आणि स्क्रूचे हुक बसवले.

आता फुलं. आडवी माळ पाच-साडेपाच फूट आणि दोन्ही बाजूंना सोडायच्या दोन माळा साडेतीन-साडेतीन फूट, म्हणजे एकूण बारा-साडेबारा फूट. मध्यम झेंडू दाटून ओवला तर फुटाला अकरा फुलं लागतात, हे मी आधी एक फूट ओवून मोजलं होतं. म्हणजे साधारण एकशे चाळीस फुलं. त्यात पूजेची, देव्हाऱ्याची आणि फेकून द्यावी लागणारी धरून दादर पश्चिमेच्या फुलबाजारातून दोन किलो घेतली. बाजारात फुलांवर पाणी मारलेलं असतं. ती दिसतात टवटवीत, वजनालाही भरतात, पण पिशवीत तशीच बांधून ठेवली तर रात्रीत आतून काळी पडतात. घरी आणल्या आणल्या वर्तमानपत्रावर एका थरात पसरून पंखा लावला. झेंडू विकत घेताना फूल उलटं करून हिरव्या बोंडाजवळ हलकं दाबावं. ते घट्ट लागलं तर फूल ताजं. तिथे मऊ आणि तपकिरी झालं असेल, तर पाकळ्या कितीही केशरी असोत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळणार.

ओवण्याची खुबीही त्या बोंडातच आहे. आपण जिला झेंडूची पाकळी म्हणतो ते खरं तर एकेक छोटं फूलच असतं, आणि ती सगळी हिरव्या पेल्यात खोचलेली असतात. सुई आडवी, नुसत्या पाकळ्यांतून गेली तर माळ लटकताच फूल सुटतं. सुई मधोमध घालून पेल्यातून, देठाकडून बाहेर काढायची. दोरा जाडसर सुती आणि दुहेरी. ओल्या झेंडूच्या वजनाने शिवणकामाचा एकेरी दोरा तुटतो, हे आमच्याकडे रात्री साडेदहाला कळलं, फरशीभर फुलं घरंगळल्यावर. दर पाच फुलांनंतर आंब्याचं एक पान, मधून दुमडून. पानं आदल्या संध्याकाळी धुऊन, पुसून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. कलशासाठीची पाच पानं त्यातूनच आधी बाजूला काढली. ती ऐनवेळी हमखास सापडत नाहीत.

सकाळी सहाला तोरण चढवलं आणि चूक लक्षात आली. पाच फुटांच्या अंतराला मी साडेपाच फुटी माळ केली होती. वाटलं, सहा इंच जास्त म्हणजे थोडासा झोळ येईल. प्रत्यक्षात मधोमध जवळजवळ फूटभर झोळ पडला, म्हणजे माळ चौकटीच्या चार इंच खाली आली आणि सेफ्टी डोअर तिला घासू लागला. सहा इंच झोळ हवा असेल तर माळ फक्त दीड-दोन इंच जास्त पुरते. मग चार फुलं काढून गाठ पुन्हा मारली. बिजागरीकडची उभी माळ चौकटीपासून फूटभर लांब सरकवली, कारण उघडलेलं दार तिथेच येऊन टेकतं.

रांगोळीचं थोडक्यात सांगते. पासेजच्या गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी ठरत नाही, आणि गेरू सारवला तर तो टाइल्सच्या फटींत कायमचा बसतो. बहिणीच्या सासूबाईंनी दीड फूट चौरस प्लायवूडवर गेरूचा हात दिला आणि त्यावर रांगोळी काढून तो तुकडा दाराच्या एका अंगाला ठेवला. लोकांच्या पायांखाली येत नाही आणि हवा तेव्हा उचलताही येतो. मला स्वतःला छापाची प्लास्टिकची रांगोळी आवडत नाही, पण घाईत असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आत बसायची व्यवस्था होमावरून ठरते. हॉल दहा बाय सोळाचा. होमकुंड, चौरंग, यजमानांचे दोन पाट आणि गुरुजींचं आसन यांना साधारण सहा बाय सहा फूट जागा गेली, आणि धगीपासून लांब राहायला दोन-अडीच फूट मोकळे सोडले. कुंड थेट टाइल्सवर ठेवलं की तापून टाइल तडकू शकते. म्हणून खाली विटा आणि त्यांवर वाळूचा थर. नव्या उंच इमारतींत छताला पाण्याचे स्प्रिंकलर असतात. त्यातली लाल काचेची नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुरू होतं. त्यामुळे कुंड त्याच्या थेट खाली नको. धुराने अलार्म वाजेल म्हणून सिक्युरिटीला आधी कळवून ठेवलं. कुंड बाल्कनीच्या दाराजवळ घेतलं, म्हणजे धूर बाहेर जातो.

उरलेल्या जागेत सतरंजीवर बारा-तेरा माणसं मांडी घालून बसतात, त्याहून जास्त नाही. मागच्या भिंतीला सहा खुर्च्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी. वीस खुर्च्या दोन बेडरूममध्ये ठेवल्या, तिथलं सामान त्या दिवसापुरतं शेजाऱ्यांकडे हलवून. मंडपवाला म्हणाला, "ताई, साठ माणसं आहेत तर साठ खुर्च्या घ्या." आम्ही घेतल्या सव्वीस. कारण साठ माणसं एकदम येणार नव्हती: सकाळी पूजेला घरचे वीस, दुपारी जेवायला नातेवाईक आणि संध्याकाळी पाच ते आठ तीर्थप्रसादाला शेजारी आणि ऑफिसची मंडळी. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच ज्याची त्याची वेळ वेगळी लिहिली होती. ते केलं नसतं तर साठ खुर्च्याही पुरल्या नसत्या, आणि मावल्या तर नसत्याच. चपलांसाठी पासेजमध्ये जिन्याच्या दारापासून लांब एक जुनी चादर अंथरली. ते दार आगीच्या वेळचं असतं, तिथे ढीग नको.

खुर्च्या संध्याकाळी सातला सर्वांत जास्त भरल्या, आणि तेव्हाही तीन रिकाम्या होत्या. तोरण पाचव्या दिवशी उतरवलं. हुक मात्र काढू नका, दसऱ्याला लागतील.