खात्याला कुलूप, पण कुठल्या पैशाला?

एटीएममधून पैसे निघत नाहीत. शाखेत गेलं की खिडकीपलीकडून उत्तर येतं, “खात्यावर होल्ड आहे, वरून आलंय.” या ‘वरून’ला काही अर्थ नाही. पहिलं काम म्हणजे आदेशाची प्रत मागणं, आणि तीही लेखी अर्ज देऊन. आदेश कोणी काढला, कुठल्या दरखास्तीत किंवा कुठल्या वर्षाच्या करापोटी, आणि किती रुपयांसाठी, हे कळल्याशिवाय वकीलसुद्धा काही करू शकत नाही. सायबर तक्रारीवरून पोलिसांनी गोठवलेलं खातं आणि न्यायालयाने जप्त केलेलं खातं पासबुकात जवळपास सारखंच दिसतं. सोडवण्याचे रस्ते मात्र अगदी वेगळे आहेत.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. पुतण्याने बँकेचं कर्ज काढून टेम्पो घेतला आणि गुरुजी जामीन राहिले. हप्ते थकले, बँकेने दिवाणी दावा लावला आणि दोघांवर मिळून 4,20,000 रुपयांचा हुकूमनामा झाला. पुतण्याकडे काही सापडेना. बँकेने दरखास्त दाखल करून गुरुजींच्या खात्यांवर बोट ठेवलं. पेन्शन खात्यात 38,000 रुपये होते. त्यातले 31,000 पेन्शनचे आणि 7,000 खोलीच्या भाड्याचे. ग्रॅच्युइटीतून केलेली पाच लाखांची मुदत ठेव होती. शिवाय पत्नीसोबतच्या संयुक्त खात्यात 1,60,000 होते. त्यातले 1,20,000 बाईंनी शिवणकामातून जमवलेले आणि 40,000 गुरुजींची जुनी मोटरसायकल विकून आलेले.

न्यायालय इथे नोटांची थप्पी उचलून नेत नाही. खात्यातली शिल्लक म्हणजे बँक तुम्हाला देणं लागते ती रक्कम. न्यायालय त्या बँकेला बजावतं की हे देणं खातेदाराला देऊ नका. मग बँकेला नोटीस जाते: रक्कम न्यायालयात भरा, नाहीतर येऊन कारण दाखवा. होल्ड लागणं आणि पैसे न्यायालयात भरले जाणं यांच्या मधला हा काळच गुरुजींच्या हातात असतो. तो बहुतेक लोक शाखेत हेलपाटे घालण्यात घालवतात. मॅनेजरला आदेश मोडण्याचा अधिकार नाही. त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही.

आता 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघू. काय जप्त करता येत नाही, याची यादी तिथे आहे. सरकारच्या, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा इतर मालकाच्या निवृत्त कर्मचाऱ्याला मिळणारं पेन्शन आणि ग्रॅच्युइटी त्या यादीत येतात. हे संरक्षण पैसे देय होण्याआधी असतं तसंच नंतरही राहतं, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. धनकोचे वकील तरी म्हणतात की पैसा खात्यात आला, त्याची ठेव झाली, आता तो नुसता पैसा. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. निवृत्तीचे लाभ मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचं स्वरूप बदलत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

म्हणजे गुरुजींचे 31,000 सुटायला हवेत आणि पाच लाखांची ठेवही. पण हे आपोआप घडत नाही. त्यांनी दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयातच कलम 47 खाली अर्ज करायचा. सोबत पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा झाल्याच्या नोंदींसह खातेउतारा आणि ग्रॅच्युइटी आलेल्या खात्यातून ठेवीची रक्कम निघाल्याचा उतारा जोडायचा. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच सापडत नाही. ग्रॅच्युइटी आणि इतर बचत एकाच खात्यात मिसळून दोन-तीनदा ठेव मोडली असेल, तर पैशाचा माग लावणं फार जड जातं. अर्जात आणखी एक मागणी घालावी: पुढच्या महिन्यापासून जमा होणारं पेन्शन काढू द्यावं. संगणकावर पूर्ण खातंच गोठवलेलं असेल, तर नवं पेन्शनही आत अडकून बसतं.

कर्जाच्या कागदांवर ‘पेन्शनमधून वसुलीस माझी संमती आहे’ असं छापलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. कलम 60 चं संरक्षण सोडून देणारा करार त्याच कलमानुसार रद्दबातल असतो. कायद्यातली ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण जामीनदार कागद वाचून सही करत नाही.

भाड्याचे 7,000 मात्र जातील. संयुक्त खात्यासाठी बाईंनी स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज द्यायला हवा. त्या हुकूमनाम्यात पक्षकार नाहीत, त्यामुळे संहितेच्या आदेश 21 खाली त्यांना स्वतंत्र हरकत घेता येते. शिलाईची बिलं, खात्यात वेळोवेळी भरलेल्या रकमा दाखवून 1,20,000 आपले असल्याचं त्यांनी सिद्ध केलं, तर उरलेल्या 40,000 वरच जप्ती टिकेल. 4,20,000 च्या हुकूमनाम्यात या फेरीला बँकेच्या हाती 47,000 लागतील.

“मी जामीन राहिलोच नव्हतो” हे मात्र दरखास्तीत सांगून उपयोग नाही. वसुली करणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन बघत नाही. हुकूमनामा एकतर्फी झाला असेल आणि समन्स नीट बजावलंच गेलं नसेल, तर कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. नुसतं अपील दाखल करूनही वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. (कर्ज पतसंस्थेचं असेल तर बहुधा सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला असतो. तो रस्ताच निराळा.)

आयकर खात्याला यातल्या कुठल्याच दाव्याची गरज नसते. मागणीच्या नोटिशीची 30 दिवसांची मुदत उलटली की अधिकारी स्वतःच बँकेला नोटीस पाठवतो आणि बँकेने ती पाळली नाही तर तीच थकबाकीदार ठरू शकते. 1961 च्या कायद्यात हे कलम 226(3) होतं. 2025 च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. जुन्या कलमात संयुक्त खातेदारांचे वाटे, उलट सिद्ध होईपर्यंत, समान धरले आहेत. म्हणजे हीच थकबाकी गुरुजींच्या कराची असती, तर 1,60,000 पैकी 80,000 त्यांचे मानले गेले असते, आणि ते 40,000 च आहेत हे दाखवण्याचं ओझं पती-पत्नीवर आलं असतं. नोटिशीची प्रत प्रत्येक संयुक्त खातेदाराला पाठवायला हवी, असंही तिथे म्हटलं आहे.

मागणीच चुकीची वाटत असेल तर अपील करावं आणि त्यासोबत स्थगितीचा अर्ज मूल्यांकन अधिकाऱ्याकडे द्यावा. 2017 पासूनच्या सूचनेनुसार साधारणपणे वादग्रस्त मागणीच्या 20 टक्के भरले की उरलेली वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. याहून कमी भरून घेऊनही स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. अडचणीची कारणं मात्र अर्जात आकड्यांसह लिहावी लागतात. खातं गोठल्यावरही हा अर्ज करता येतो, कारण दिलेली नोटीस बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. पण तोवर बँकेने रक्कम भरून टाकली असेल, तर अपील जिंकून परताव्याची वाट बघत बसावी लागते.